कोयना हेळवाकला वळते तिथे

"नुसत्या नद्यांच्या रेषा बघून खालचा खडक कसा काय ओळखता?"

खडकाचं नाव त्या रेषा सांगत नाहीत. उतार कुठे आहे आणि खडकात एखादी दिशा पाण्याला सोपी जाते का, एवढं मात्र सांगतात.

महाबळेश्वरचा १:५०,००० नकाशा घ्या आणि ट्रेसिंग पेपरवर फक्त निळ्या रेषा उतरवा. कृष्णा, वेण्णा पूर्वेकडे, कोयना दक्षिणेला, सावित्री पश्चिमेला कोकणात. एका उंचवट्यावरून चहूकडे पाणी, म्हणजे केंद्रत्यागी रचना. पुस्तकात हिच्याशेजारी ज्वालामुखीचा शंकू काढलेला असतो. महाबळेश्वर तसा शंकू नाही. लाव्हाचे थर इथे जवळजवळ आडवे आहेत, वर जांभा आहे आणि आजूबाजूचं झिजून गेल्यावर हा सडा उंच राहिला आहे. म्हणून ही रचना मी फक्त उतारासाठी वाचतो.

आता वाईकडचे ओढे बारकाईने बघा. ते एकमेकांना लघुकोनात मिळतात आणि कोनाचं टोक वाहत्या दिशेला असतं. झाडाच्या फांद्यांसारखी ही वृक्षाकार रचना. आडव्या, सगळीकडे साधारण सारख्याच झिजणाऱ्या बेसॉल्टवर कुठलीच दिशा विशेष सोपी नाही, म्हणून ओढे मोकळे पसरतात. पण एकसंध ग्रॅनाइटवरही ते असेच पसरतात. नाव कळत नाही म्हणतो ते यासाठी.

खरी गंमत कोयनेत आहे. सुमारे ६५ किमी ती दक्षिणेकडे जाते आणि हेळवाकजवळ जवळजवळ काटकोनात पूर्वेला, कराडकडे वळते. हे बघून मुलं लगेच 'जाळीदार' म्हणतात. जाळीदार रचनेला घड्या पडलेले, कठीण-मऊ असे आलटून पालटून थर लागतात. अमेरिकेत व्हर्जिनियातली शेनँडोआ पाहा. चुनखडक आणि शेल झिजून लांबट दऱ्या झाल्या, कठीण वालुकाश्म डोंगररांगा होऊन उभा राहिला. नदीचे दोन फाटे मॅसनटन डोंगराच्या दोन्ही अंगांनी समांतर वाहतात आणि उतारावरचे आखूड ओढे त्यांना काटकोनात येऊन मिळतात. एका वळणावर ही रचना ठरत नाही, तोच साचा प्रदेशभर पुन्हा पुन्हा दिसावा लागतो.

कोयनेखाली तिरपे थरच नाहीत. त्यामुळे संशय भेगांवर जातो. ११ डिसेंबर १९६७ च्या भूकंपात जमिनीला पडलेल्या भेगा साधारण उत्तर-ईशान्य ते दक्षिण-नैऋत्य होत्या, नदीच्या लांब टप्प्याच्या दिशेशी बऱ्याच जुळणाऱ्या. तरी तेवढ्यावर मी निकाल देत नाही. एका नदीने दुसरीचं पाणी ओढून घेतलं, तरी असंच कोपरासारखं वळण पडतं. मग वळणाच्या पलीकडे सोडून दिलेली जुनी खिंड किंवा नदीगोटे शोधावे लागतात आणि पात्रालगत चुरडलेल्या खडकाचा पट्टा आहे का, ते चालत जाऊन पाहावं लागतं.