रजिस्टर कुणाच्या ड्रॉवरमध्ये आहे?

"आमचं सॉफ्टवेअर कंपन्यांना विकायचं आहे. पहिल्या भेटीपासून पीओ हातात यायला आठ-दहा महिने जातात. लिंक्डइनवर जाहिरात करताना नेमके कोणते हुद्दे धरायचे आणि केवढ्या कंपन्या?"

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो, नाहीतर आमचं पहिलं वर्ष आठवायला मला फारसं आवडत नाही. आम्ही कारखान्यांसाठी मेंटेनन्सचं सॉफ्टवेअर विकतो. कुठलं मशीन कधी बंद पडलं, किती वेळ बंद होतं, कुठला पार्ट बदलला, पुढचं सर्व्हिसिंग कधी, असा सगळा हिशेब त्यात राहतो. गिऱ्हाईक मुख्यतः चाकण, रांजणगाव, वाळूज, अंबड इथलं. पहिल्या वर्षी आम्ही सरळ एमडी, सीईओ आणि डायरेक्टर निवडले. सही तेच करतात, तर जाहिरात त्यांनाच दाखवावी, असा साधा विचार.

जाहिरात महाग पडली. मोठ्या हुद्द्याच्या माणसासमोर यायला सगळेच बोली लावत असतात. तरी दोन-तीन एमडी भेटले, चहा झाला, आणि प्रत्येकाने शेवटी एकच वाक्य म्हटलं: "आमच्या मेंटेनन्सवाल्यांशी बोलून घ्या." मग आम्ही त्या मेंटेनन्सवाल्यांकडे गेलो, तेही साहेबांनी पाठवलेली माणसं म्हणून. रांजणगावच्या एका प्लांटमधल्या मेंटेनन्स हेडनी ड्रॉवर उघडून ब्रेकडाउनचं रजिस्टर दाखवलं. पानांचे कोपरे ग्रीसने काळे झालेले, तासांच्या रकान्यात खाडाखोड. म्हणाले, "हे तुमच्या स्क्रीनवर गेलं की दर सोमवारी प्लांट हेड मलाच विचारणार, प्रेस चार तास का बंद होता. माझाच बीपी वाढवायला मी पैसे का मागू?" ते प्रकरण तिथेच संपलं. त्यांनी नाही कधीच म्हटलं नाही, फक्त प्रत्येक फोनला "ऑडिट झाल्यावर बघू" म्हणत राहिले.

त्यानंतर आम्ही एक काम केलं. ते आधीच करायला हवं होतं. तोवर मिळालेल्या चोवीस ऑर्डरी एका कागदावर उतरवल्या. प्रत्येकीसमोर चार गोष्टी लिहिल्या: पहिला फोन किंवा मेल कुणाचा आला, आतून कुणी रेटलं, पीओवर सही कुणाची, आणि किती महिने लागले. कंपनी केवढी हे लिहिताना आम्हाला ठाऊक असलेला आकडा मुद्दाम घेतला नाही, तिच्या लिंक्डइन पानावर दिलेला घेतला. जाहिरात तोच आकडा बघते.

इथे जरा थांबतो, कारण यात बरेच जण फसतात. जाहिरातीतल्या Company Size ला ठरलेले खाने आहेत: 11-50, 51-200, 201-500, 501-1000, 1001-5000 असे. कंपनी कुठल्या खान्यात पडते हे तिच्या पानावरून ठरतं, आणि ते पान कधीतरी एचआरमधल्या कुणीतरी भरलेलं असतं. आमच्याकडच्या कारखान्यात पगारपत्रकावर १८० माणसं आणि कॉन्ट्रॅक्टवर पाचशे, हे नेहमीचं चित्र. पानावर मात्र 51-200. उलट मोठ्या ग्रुपचा चारशे माणसांचा प्लांट ग्रुपच्याच पानाखाली येतो आणि तिथे 10,001+ लिहिलेलं असतं. म्हणजे खाना बघून शॉपफ्लोअर केवढा हे कळत नाही. पण एक गोष्ट बरीचशी कळते: ऑर्डर किती टेबलांवरून फिरणार.

कागदावर तेच दिसलं. 51-200 मध्ये मालक स्वतः ठरवत होते, दोन-तीन महिन्यांत काम होत होतं. आम्ही खूश. पण यातले निम्म्याहून जास्त पहिल्या वर्षानंतर निघून गेले होते, कारण रोज नोंद भरायला त्यांच्याकडे वेगळा माणूसच नव्हता. फिटरच स्टोअर सांभाळतो आणि तोच रजिस्टरही लिहितो, तिथे सॉफ्टवेअर तीन महिन्यांत रिकामं पडतं. 201-500 आणि 501-1000 मध्ये सात ते नऊ महिने लागत होते, पण ते टिकले होते. तिथे मेंटेनन्स प्लॅनिंगचा इंजिनीअर असतो, आणि ठरावीक रकमेपर्यंत प्लांट हेडला स्वतः मंजुरी देता येते. 1001 च्या वर गाडी हेड ऑफिसला जात होती. आयटीची सुरक्षेची लांबलचक प्रश्नावली, एसएपीशी जोडण्याचा आग्रह, मग कॉर्पोरेट पर्चेस. वर्ष उलटून जायचं आणि हाती एखादीच ऑर्डर यायची. आमच्यासारख्या चौदा जणांच्या कंपनीला ते झेपणारं नव्हतं. म्हणून आम्ही मधले दोन खाने धरले. तुमचे खाने वेगळे निघतील, पण ते जुन्या ऑर्डरींतूनच निघतील. आणि किती लवकर विकलं गेलं एवढंच बघू नका, दुसऱ्या वर्षी पैसे कुणी भरले तेही बघा.

आता हुद्दे. कागदावर पहिला फोन जवळजवळ कधीच सही करणाऱ्याचा नव्हता. तो मेंटेनन्स मॅनेजरचा होता, किंवा प्लांट इंजिनीअरिंगच्या एजीएमचा. तोच हुद्दा किती तऱ्हांनी लिहितात बघा: मॅनेजर मेंटेनन्स, हेड प्लांट इंजिनीअरिंग, डीजीएम प्रोजेक्ट्स अँड मेंटेनन्स, युटिलिटी हेड. औषधांच्या कंपन्यांत तर या खात्यालाच नुसतं 'इंजिनीअरिंग' म्हणतात. लिंक्डइन माणसाने लिहिलेला हुद्दा आपल्या ठरलेल्या यादीतल्या कशाशी तरी जुळवतं. नाही जुळला तर तो माणूस Job Titles मधून निसटतो आणि आपल्याला पत्ताही लागत नाही.

मग वाटतं, हुद्दा सोडून Job Function आणि Job Seniority धरावं. आम्ही धरलं. इंजिनीअरिंग, मॅनेजर आणि त्यावरचे, पुणे. एका आठवड्यात क्लिक धडाधड वाढले. अहवाल उघडून पाहिला तर अर्धं हिंजवडी आमच्या जाहिरातीवर येऊन गेलेलं! लिंक्डइनच्या लेखी सॉफ्टवेअरवालाही इंजिनीअर आणि बॉयलरवालाही इंजिनीअर. कंपनीचा उद्योग जोडल्यावरच ते थांबलं. म्हणून आता दोन्ही वाटा वेगवेगळ्या चालवतो: एका जाहिरातीत सापडतील तेवढे हुद्दे, दुसरीत खातं, पातळी आणि उद्योग. सेल्स, एचआर आणि ट्रेनी दोन्हीकडून वगळलेले. Audience Expansion ची खूण पहिल्याच दिवशी काढायची. ती राहिली तर तुम्ही निवडलेल्यांसारखी वाटणारी इतर माणसं यंत्रणा आपल्या मनाने आत घेते.

पातळीचा आणखी एक घोळ खास आपल्याकडचा. लिंक्डइनच्या पायऱ्यांत डायरेक्टर हा मॅनेजरच्या वर आणि व्हीपीच्या खाली बसतो. आपल्याकडच्या प्रायव्हेट लिमिटेडमध्ये डायरेक्टर म्हणजे मालक, नाहीतर मालकाचा मुलगा. उलट असिस्टंट मॅनेजर या नावात मॅनेजर आहे म्हणून त्याच्याकडे मंजुरी असेलच असं नाही. मधल्या फळीतली माणसं हवीत म्हणून डायरेक्टर निवडलात तर छोट्या कंपन्यांत थेट शेठजींनाच जाहिरात दाखवत बसाल.

बरं, रजिस्टर ज्याच्या ड्रॉवरमध्ये आहे त्याला धरलं, तरी त्याची भीती जात नाही. तिथे आम्ही हुद्द्याप्रमाणे मजकूर बदलला. मेंटेनन्सवाल्याला दाखवायच्या जाहिरातीत 'डाउनटाइम दिसेल' हे शब्दच काढले. त्याऐवजी लिहिलं, 'स्पेअर वेळेवर आला नाही म्हणून मशीन बंद राहिलं, हे आता तुम्हाला दाखवता येईल.' खरं तर दोन्ही एकच रिपोर्ट. पण पहिल्यात तो आरोपी आहे, दुसऱ्यात फिर्यादी. भेटी तिथून वाढल्या.

सही करणारे दुसऱ्या टप्प्यात. डेमो झाला की त्या कंपनीचं नाव आम्ही एका यादीत टाकतो, ती यादी लिंक्डइनवर चढवतो, आणि फक्त त्याच कंपन्यांतल्या प्लांट हेड, फायनान्स, पर्चेस, आयटी या मंडळींना जाहिरात दाखवतो. त्यांना काही विकायचं नसतं. फाइल त्यांच्या टेबलावर येईल तेव्हा आमचं नाव अनोळखी वाटू नये, इतकंच. यात एक अडचण येतेच. किमान ३०० माणसं असल्याशिवाय जाहिरात सुरू होत नाही. साठ कंपन्या आणि फक्त फायनान्स हेड धरले तर एवढी माणसं भरतच नाहीत. म्हणून आम्ही चारही खाती एकत्र केली आणि मॅनेजरपासून वरचे सगळे घेतले, तेव्हा कुठे ती चालली. हा टप्पा डिसेंबरच्या आत सुरू झालेला बरा. एप्रिलपासूनच्या बजेटचे कागद साधारण त्याच सुमारास फिरायला लागतात, आणि त्यात आपली ओळ नसली की पुढचं उत्तर ठरलेलं: "पुढच्या वर्षी बघू."

हिशेबाचं थोडक्यात. जाहिरातीचं श्रेय मोजायची खिडकी आम्ही ९० दिवसांची ठेवली होती आणि आमची ऑर्डर यायची आठव्या महिन्यात. म्हणजे स्क्रीनवर शून्य. आमच्या भागीदाराने दोनदा जाहिरात बंद केली ती याच शून्यामुळे. आता पहिल्या संपर्काची तारीख आणि हुद्दा आम्ही आपल्या सीआरएममध्ये ठेवतो. दर आठवड्याला फक्त एक गोष्ट बघतो: अहवालात क्लिक करणारे कुठल्या हुद्द्याचे आणि केवढ्या कंपनीतले. फॉर्म किती भरले गेले याला आमच्याकडे फारसा मान नाही. स्वस्त फॉर्म बहुतेक जीमेलवरून येतात, आणि भरणारा विद्यार्थी, कन्सल्टंट किंवा आमचाच स्पर्धक असतो.

एवढं करूनही एक गोष्ट खान्यांत बसत नाही. आठ महिने म्हणजे मोठा काळ असतो, त्यात माणसं नोकरी बदलतात. आमचा एक खंदा मेंटेनन्स मॅनेजर असाच सहाव्या महिन्यात राजीनामा देऊन गेला आणि तयार होत आलेली ऑर्डर बुडाली. नव्या माणसाला जुन्याचं काही नकोच होतं. पाचेक महिन्यांनी त्या पहिल्या मॅनेजरचाच फोन आला, वाळूजहून. "इकडे पण रजिस्टरच आहे हो, या एकदा." तिथे पीओ मिळाला. त्या कंपनीच्या पानावर आकडा होता 1001-5000, म्हणजे आम्ही मुद्दाम वगळलेला खाना.