एक टॅब, तीन प्रोफाइल आणि आजीचा पिन

आमच्या घरात टॅब एकच, तोही साधा अँड्रॉइडवाला, वायफायवर चालणारा. सकाळी सासूबाईंची कीर्तनं, दुपारी लेकीची कार्टून्स, रात्री आमची बिलं आणि मेल, सगळं माझ्याच अकाउंटवर. त्यामुळे आईंना यूट्यूबवर स्लाइम बनवायचे व्हिडिओ दिसायचे, आणि आमच्या आठ वर्षांच्या चिऊला नवऱ्याने रात्री बघितलेल्या क्राइम केसेस. एक दिवस तिने माझे चार मेल डिलीट केले तेव्हा म्हटलं बास, आता बसून तिघांची प्रोफाइलं वेगळी करायचीच.

आधी चूक केली ती सांगते. मुलांच्या अकाउंटवर लक्ष ठेवायचं गुगलचं फॅमिली लिंक अ‍ॅप माझ्या फोनवर टाकलं, त्यातून चिऊचं नवं गुगल अकाउंट काढलं, जन्मतारीख खरीच टाकली कारण बंधनं वयावरूनच लागतात, आणि ते अकाउंट टॅबवर माझ्याच प्रोफाइलमध्ये अ‍ॅड करायला गेले. तर ते मला माझंच अकाउंट काढायला सांगायला लागलं! मग कळलं की मुलाचं अकाउंट दुसऱ्याच्या प्रोफाइलमध्ये कोंबायचं नसतं, त्याला वेगळा यूजर, म्हणजे वेगळं प्रोफाइल लागतं. Settings मध्ये System, त्यात Multiple users, तिथे नवीन यूजर. काही टॅबमध्ये हे अकाउंट्सच्या खाली असतं, सापडत नसेल तर सेटिंग्जच्या सर्चमध्ये users टाका. नव्या यूजरमध्ये शिरून तिथे तिचं अकाउंट टाकलं आणि मग सगळं सुरळीत झालं. तसाच एक यूजर आईंसाठी केला. मालक मीच, माझ्यावर पिन.

बंधनं मी फार नाही लावली. रोज एक तास, रात्री साडेआठनंतर बंद, प्ले स्टोअरवरून काहीही घ्यायचं तर माझ्या फोनवर विचारणा येते, आणि अ‍ॅपचं वय ७+ पर्यंत. नेहमीच्या यूट्यूबऐवजी यूट्यूब किड्स, त्यातला मोठ्या मुलांचा नाही तर पाच ते आठ वयाचा गट. क्रोममध्ये फक्त मी परवानगी दिलेल्या साइट्स उघडतील असं केलं होतं, पण शाळेच्या प्रोजेक्टला दर दोन मिनिटांनी माझा फोन वाजायला लागला, म्हणून ते काढून नको त्या साइट्स अडवायचा पर्याय ठेवला. तो शंभर टक्के अडवत नाही, पण टॅब हॉलमध्येच असतो त्यामुळे चालतंय.

आठवडाभर मी खुशीत. मग लक्षात आलं की तास संपला तरी कार्टूनचा आवाज येतोय. आतल्या खोलीत जाऊन बघते तर बाईसाहेब Guest मध्ये, म्हणजे पाहुण्यांसाठीच्या प्रोफाइलमध्ये! वेळेची मर्यादा फक्त तिच्या प्रोफाइलला असते, अख्ख्या टॅबला नाही, आणि गेस्टला तर कसलंच बंधन नाही. Multiple users मध्येच Add users from lock screen असं एक बटण असतं ते बंद केलं, तरी दुसऱ्या दिवशी तेच. आधी बनलेला गेस्ट यादीत तसाच बसला होता, बटण बंद केल्याने फक्त नवा बनत नाही. तो हाताने काढला तेव्हा कुठे ती वाट बंद झाली.

मग राहिली आजी. आईंच्या प्रोफाइलवर लॉकच नव्हता, त्यांना पिन आठवत नाही म्हणून मीच ठेवला नव्हता. चिऊ आरामात आजीच्या प्रोफाइलमध्ये जायची आणि आजीला माहीतही असायचं. म्हटलं आई, पिन ठेवूया, तुमच्या लग्नाचं साल ठेवू म्हणजे विसरणार नाही. दोन दिवसांत चिऊने गप्पा मारता मारता विचारलं, आजी तुझं लग्न कधी झालं गं? आता पिन आहे माहेरच्या जुन्या घराचा नंबर, आणि तो आईंनी नातीला सांगायचा नाही असं ठरलंय, बघू किती दिवस टिकतंय.

अजून एक, गावी गेलो तेव्हा टॅबला नेट नव्हतं. मी फोनवरून अर्धा तास वाढवून दिला तरी टॅब लॉकच, कारण बदल नेटवरूनच पोचतो. तेव्हा अ‍ॅपमधला Parent access code टॅबवर टाकून उघडला, तो नेटशिवाय चालतो, फक्त फोन आणि टॅबचं घड्याळ बरोबर पाहिजे.

एक तोटा मात्र आहे, तीन प्रोफाइल म्हणजे तिघांचा डेटा वेगळा, आणि आमच्या टॅबमध्ये जागा आधीच कमी. आईंनी डाउनलोड केलेली कीर्तनं काढायची म्हटलं की त्या म्हणतात, चिऊचे गेम काढ आधी.