दोन रिपोर्ट, एक तक्ता : माझा अनुभव

माझ्या पहिल्या वीर्य तपासणीच्या रिपोर्टवर सामान्य आकाराचे शुक्राणू ६५ टक्के लिहिले होते. दोन महिन्यांनी दुसऱ्या लॅबमध्ये केलेल्या तपासणीत तोच आकडा ५ टक्के आला. त्या रात्री मला झोप लागली नाही. बायको शेजारी बसून दोन्ही कागद पुन्हा पुन्हा पाहत होती आणि म्हणत होती, "अहो, दोन महिन्यांत एवढं कसं उतरेल?"

लग्नाला चार वर्षं झाली होती. तिच्या तपासण्या आधीच झाल्या होत्या, माझी सुरुवात उशिरा झाली. आम्ही तासगावजवळच्या गावात राहतो आणि मी बेदाण्याच्या एका व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितो. मिरजेच्या डॉक्टरबाईंची वेळ पुढच्या आठवड्यात मिळाली होती. त्यांच्याकडे जाण्याआधी दोन्ही रिपोर्ट एका पानावर शेजारी शेजारी मांडायचे असं मी ठरवलं, कारण मला आकडे तसेच कळतात.

पहिली चूक पहिल्याच ओळीत झाली. संख्येपुढे १४ मिलियन प्रति मिली होतं आणि मी वहीत १४ लाख लिहिलं. एक मिलियन म्हणजे दहा लाख, म्हणजे हा आकडा १ कोटी ४० लाख. रिपोर्ट वाचताना आमच्याकडे ही गल्लत सहज होते. म्हणून मी ठरवलं की तक्त्यात मिलियनच ठेवायचं आणि प्रत्येक आकड्यापुढे एकक लिहायचंच.

मग लक्षात आलं की प्रति मिलीचा आकडा एकटा काही सांगत नाही. बेदाण्याचा किलोचा दर कळला तरी वजन कळल्याशिवाय बिल होत नाही, तसंच हे. वीर्याचं प्रमाण, म्हणजे किती मिली आलं ते, गुणिले संख्या केली की एकूण शुक्राणू मिळतात. पहिल्या वेळी १.२ गुणिले १४, म्हणजे १६.८ मिलियन. दुसऱ्या वेळी २.६ गुणिले २२, म्हणजे ५७.२ मिलियन. पहिल्या रिपोर्टवर ही ओळच नव्हती, ती मीच काढली.

खरी अडचण संदर्भाच्या रकान्यात होती. दोन्ही लॅबनी आपापल्या रिपोर्टवर 'नॉर्मल' आकडे छापले होते आणि ते जुळत नव्हते. पहिलीवर प्रमाण २ मिली, संख्या २०, हालचाल ५० टक्के, आकार ३० टक्के. दुसरीवर १.५ मिली, १५, ४० टक्के आणि आकाराला फक्त ४ टक्के. मिरजेला गेल्यावर बाईंनी समजावलं. जागतिक आरोग्य संघटना या तपासणीची पुस्तिका काढते आणि दर आवृत्तीत आकडे बदलत आले आहेत. पहिल्या लॅबचे आकडे १९९२ च्या आवृत्तीचे होते, दुसऱ्या लॅबचे २०१० च्या. आता सहावी, २०२१ ची आवृत्ती आहे. त्यांनी माझ्या तक्त्यातले दोन्ही जुने रकाने पेनाने खोडले आणि त्या जागी एकच नवा रकाना लिहिला. दोन्ही रिपोर्ट त्याच एका मापाला लावायचे.

आकाराचं कोडंही तिथेच सुटलं. पूर्वी डोकं, मान, शेपटी साधारण ठीक दिसली की शुक्राणू सामान्य धरत. आता काटेकोर निकष लावतात, जरा कमीजास्त दिसलं तरी तो असामान्य गणतात. म्हणून बाप झालेल्या पुरुषांतही हा आकडा लहानच येतो आणि खालची मर्यादा ४ टक्के आहे. माझे ६५ टक्के एका चाळणीतले होते, ५ टक्के दुसऱ्या. दोन महिन्यांत काहीही उतरलं नव्हतं. बायकोने माझा हात घट्ट धरला, ते मला अजून आठवतं.

हालचालीची ओळ मात्र शेवटपर्यंत अर्धीच राहिली. दुसऱ्या लॅबने चार भाग दिले होते: वेगाने पुढे जाणारे १८, हळू पुढे जाणारे १६, जागच्या जागी हलणारे १२, न हलणारे ५४. बेरीज १००. पहिले दोन मिळवले की पुढे जाणारे ३४ टक्के, पहिले तीन मिळवले की एकूण हालचाल ४६. पहिल्या लॅबने फक्त 'अॅक्टिव्ह' २०, 'स्लगिश' १८ आणि 'नॉन-मोटाइल' ६२ लिहिलं होतं. स्लगिश म्हणजे हळू पुढे जाणारे की जागेवरच वळवळणारे? मी फोन करून विचारलं. टेक्निशियन म्हणाला, "दोन्ही त्यातच धरतो." म्हणजे एकूण ३८ लिहिता येतं, पण पुढे जाणारे किती ते काढता येत नाही. अंदाजाने भरण्यापेक्षा मी ती चौकट रिकामी ठेवली. बाईंनी ते बरोबर केलं म्हणून सांगितलं.

शेवटी तयार झालेला तक्ता असा:

| बाब | पहिली तपासणी | दुसरी तपासणी | खालची मर्यादा (२०२१) |
|---|---|---|---|
| प्रमाण (मिली) | १.२ | २.६ | १.४ |
| संख्या (मिलियन प्रति मिली) | १४ | २२ | १६ |
| एकूण संख्या (मिलियन) | १६.८ | ५७.२ | ३९ |
| एकूण हालचाल (टक्के) | ३८ | ४६ | ४२ |
| पुढे जाणारे (टक्के) | – | ३४ | ३० |
| सामान्य आकार (टक्के) | ६५, जुना निकष | ५ | ४ |

पहिला रकाना आकार आणि ती रिकामी चौकट सोडून सगळीकडे मर्यादेखाली आहे. बाईंनी तक्ता पाहून पहिला प्रश्न विचारला तो आकड्यांबद्दल नव्हता. "नमुना कुठे दिला होता? सगळा डबीत आला होता का?" मला खरं सांगावं लागलं. पहिला नमुना घरी घेतला होता, सुरुवातीचा थोडा भाग बाहेर गेला होता आणि लाजेपोटी मी लॅबमध्ये ते बोललो नव्हतो. वर डिसेंबरच्या थंडीत डबी गाडीच्या डिकीत टाकून सांगलीला नेली होती. रिपोर्टवर नमुन्याची वेळ ७.४० आणि तपासणीची ९.१५ होती. बाई म्हणाल्या की सर्वाधिक शुक्राणू पहिल्याच भागात असतात, तो सांडला की प्रमाण आणि संख्या दोन्ही कमी दिसतात. गारठ्याने आणि उशिराने हालचाल मंदावते, तपासणी तासाभरात सुरू व्हायला हवी. दुसरा नमुना मी आधीच्या वीर्यपतनानंतर चार दिवसांचं अंतर ठेवून लॅबच्याच खोलीत दिला होता.

तेव्हा मी तक्त्याच्या वर आणखी चार ओळी घातल्या: किती दिवसांचं अंतर (दोन ते सात हवेत), नमुना कुठे घेतला, घेतल्यापासून तपासणीपर्यंत किती मिनिटं, काही सांडलं का. या चार ओळी नसतील तर खालचे आकडे कशामुळे आले ते कुणालाच सांगता येणार नाही.

ही मर्यादा म्हणजे पास-नापासची रेघ आहे का, असं मी विचारलं. त्या नाही म्हणाल्या. ज्यांच्या बायकांना वर्षभराच्या आत दिवस गेले अशा पुरुषांच्या तपासण्यांवरून हे आकडे काढले आहेत आणि त्यांच्यातल्याही शंभरातल्या पाच जणांचा आकडा या रेघेखाली असतो. रेघेच्या वर आहे म्हणून मूल होईलच असंही नाही.

माझा दुसरा रकाना मर्यादेच्या वर असला तरी फार वर नाही, म्हणून त्यांनी तीन महिन्यांनी तिसरी तपासणी लिहून दिली आहे. शुक्राणू तयार व्हायला अडीच महिन्यांच्या आसपास लागतात, त्याआधी परत केली तर त्याच जुन्या तुकडीचा आकडा येईल. लॅब दुसऱ्या तपासणीचीच ठेवायची, खोलीही तिथलीच. तक्त्यात तिसऱ्या तपासणीचा रकाना आखून ठेवला आहे, वर चार ओळींसकट.