माझा अनुभव : त्या हिरव्या निकेलचा आकार ठरवताना

नागपुरातल्या एका क्लासच्या टेस्ट सिरीजमध्ये प्रश्न होता: [NiCl2(PPh3)2] चा आकार आणि चुंबकीय स्वभाव सांगा. मी टेट्राहेड्रल आणि पॅरामॅग्नेटिक लिहिलं. उत्तरसूचीत स्क्वेअर प्लॅनर आणि डायमॅग्नेटिक छापलं होतं, आणि माझे मार्क कापले गेले. तीनदा लेखी कळवूनही एकच उत्तर आलं: 'फॉस्फिन स्ट्राँग फील्ड लिगँड आहे, इलेक्ट्रॉन जोडीने बसतात.' त्याचा राग अजून गेलेला नाही, म्हणून सगळं लिहून काढतो आहे.

ऑक्सिडेशन स्टेट दोन ओळींत निघते. PPh3 या फॉस्फिनवर भार नाही, प्रत्येक क्लोराइड उणे एक, अख्खा रेणू उदासीन. म्हणजे निकेल +2, आणि d8. इथवर वाद नाही.

अडतं ते पुढे. चार लिगँड आहेत, म्हणजे रचना दोनच शक्य. स्क्वेअर प्लॅनरमध्ये dx2-y2 ऑर्बिटल इतकं वर जातं की आठही इलेक्ट्रॉन खालच्या चारांत जोडीने मावतात, एकही सुटा राहत नाही. टेट्राहेड्रलमध्ये खाली दोन, वर तीन ऑर्बिटल. खालची दोन चार इलेक्ट्रॉनांनी भरतात आणि वरच्या तिघांत चार उरतात, त्यातले दोन एकेकटे. मग सरळ प्रश्न हाच, की रेणू कोणती रचना निवडतो? 'स्ट्राँग फील्ड म्हणजे प्लॅनर' हा नियम [Ni(CN)4]2- ला चालतो, कारण सायनाइड सडपातळ आहे आणि चार जण एकाच पातळीत आरामात बसतात. PPh3 च्या फॉस्फरसवर मात्र तीन फिनाइल वलयं आहेत. लिगँड धातूभोवती किती जागा अडवतो हे सांगणारा टोलमनचा शंकू-कोन त्याच्यासाठी 145° येतो. असे दोन लिगँड आणि दोन क्लोराइड सपाट बसवले तर गर्दी होते. चौघे चार कोपऱ्यांत पांगले की मोकळीक मिळते, आणि प्लॅनरमधून मिळणारा ऊर्जेचा फायदा इथे कमी पडतो. फॉस्फिनवर फिनाइलच्या जागी एथिल घ्या: [NiCl2(PEt3)2] मध्ये फॉस्फिनचा कोन 132°, संयुगाचा रंग लाल, आणि ते प्लॅनर, डायमॅग्नेटिक. धातू तोच, क्लोराइड तेच, फॉस्फिनच, फक्त गट बदलले. एथिल गट फॉस्फरसला इलेक्ट्रॉन देण्यातही फिनाइलपेक्षा सढळ असतात, हेही विसरू नये. NiBr2 चं बेंझिलडायफिनाइलफॉस्फिनसोबतचं संयुग तर हिरवं आणि लाल, दोन्ही रूपांत मिळतं. काटा कुठल्याही बाजूला झुकू शकतो, म्हणून नुसत्या नियमावर इथे भागत नाही, मोजावं लागतं.

आम्ही मोजलं. कॉलेजच्या लॅबमध्ये गूय बॅलन्स आहे, चुंबक सुरू केल्यावर पदार्थाचं वजन किती बदलतं ते मोजणारा तराजू. एप्रिलचा महिना, खोलीत 38 अंश. लॅबमधल्या काकांनी आधी रिकामी नळी चुंबकात घालायला लावली. 'पोरा, काच डायमॅग्नेटिक असते. तिचं वजन कमी दिसेल, ते आधी लिहून घे.' खलात बारीक केलेली पूड नळीत भरताना पोकळ्या राहिल्या तर वाचन खोटं येतं, म्हणून नळी टेबलावर हळूहळू आपटत भरली. करंट सुरू केला आणि वजन वाढलं, म्हणजे चुंबक पूड आत ओढत होता. स्क्वेअर प्लॅनरची गोष्ट तिथेच संपली. मी तो आकडा दोनदा वाचला.

कॅलिब्रेशननंतर प्रतिग्रॅम ससेप्टिबिलिटी 5.3×10⁻⁶ आली. मोलर मास 654 ने गुणल्यावर 3466×10⁻⁶. यावरून थेट मोमेंट काढला तर 2.94 बोर मॅग्नेटॉन येतो. दोन सुट्या इलेक्ट्रॉनांचा हिशेबी आकडा 2.83, त्याला हा इतका जवळ, की बरेच जण इथेच थांबतात. पण सहा फिनाइल वलयांचा डायमॅग्नेटिझम मोठा असतो. दोन PPh3, क्लोराइड आणि निकेल मिळून सुमारे 394×10⁻⁶ परत मिळवावे लागतात. मग 3860×10⁻⁶, तापमान 311 केल्विन, आणि:

```
μ = 2.83 × √(χT) = 2.83 × √1.2 = 3.1
```

2.83 पेक्षा हा थोडा वर आहे, आणि टेट्राहेड्रल Ni(II) मध्ये तो असाच वर असायला हवा, कारण कक्षीय गतीचाही वाटा त्यात असतो. आदर्श टेट्राहेड्रलच्या जवळच्या [NiCl4]2- मध्ये तो याहून जास्त दिसतो. इथे लिगँड दोन प्रकारचे आहेत, चौकट वाकडी होते आणि तो वाटा घटतो.

राहिलं एक: पुस्तकातले 298 केल्विन टाकू नका, थर्मामीटर वाचा. नागपूरच्या उन्हाळ्यात फरक दोन टक्क्यांचा पडतो. आणि हाच तर्क पॅलेडियमला लावू नका. [PdCl2(PPh3)2] मध्येही PPh3 तेच, पण 4d ऑर्बिटलचं विभाजन इतकं मोठं असतं की गर्दी असूनही ते प्लॅनरच राहतं.

वहीतलं हे पान फोटो काढून क्लासला पाठवलं. आठवड्याने प्रश्न रद्द झाला आणि सगळ्यांना मार्क मिळाले, ज्यांनी प्लॅनर लिहिलं होतं त्यांनाही. उत्तरसूचीत मात्र अजून प्लॅनरच छापलेलं आहे.