शेवटच्या दिवसाची मेल

शुक्रवार, रात्री. लियों.

आज ऑफिसचा शेवटचा दिवस होता, आणि दिवसभरात सर्वांत अवघड गेली ती संपूर्ण टीमला लिहायची निरोपाची मेल. निरोपाचे खाणेपिणे, ज्याला इथे ‘पो द देपार’ म्हणतात, कालच आटोपले होते. तिथे बोलणे सोपे गेले. लिहिताना मात्र हात अडखळत राहिला.

आधी ‘वू’, म्हणजे ‘तुम्ही’, आडवा आला. टीममधल्या प्रत्येकाशी मी ‘त्यू’ने, म्हणजे अरे-तुरेने बोलते, पण अनेकांना एकत्र लिहायचे तर फ्रेंचमध्ये ‘वू’शिवाय पर्याय नाही. मसुदा वाचताना वाटले, की पाच वर्षांची जवळीक मी एका शब्दाने परत घेते आहे. मग आठवले, की दोन जिवलग मैत्रिणींना एकत्र विचारतानाही आपण ‘तुम्ही कधी येताय’ असेच म्हणतो, आणि त्यात परकेपणा नसतो.

चूक झाली ती पुढच्या ओळीत. ‘मला तुमची उणीव भासेल’ अशा अर्थाने मी Je vais vous manquer असे लिहिले होते. पाठवण्यापूर्वी शेजारच्या टेबलावरच्या सहकारिणीला मसुदा दाखवला, तेव्हा तिने त्या ओळीवर बोट ठेवले आणि हळूच म्हणाली, “याचा अर्थ, आम्हाला तुझी उणीव भासेल, असा होतो.” हवे होते Vous allez me manquer. फ्रेंचमध्ये ज्याची उणीव भासते तो कर्ता असतो आणि ज्याला भासते तो ‘मला’ होऊन बसतो. मराठीच्या वाटेने गेले असते, तर ‘मला’ आपोआप योग्य जागी पडला असता. मी इंग्रजीच्या वळणाने गेले आणि फसले.

ओळ दुरुस्त केली, तरी ती चूक दिवसभर मनातून जाईना. व्याकरण चुकले याचे इतके वाईट वाटले नसते. पण त्या चुकलेल्या ओळीत जे म्हटले गेले होते, तेच मला त्यांच्याकडून ऐकायचे होते, आणि ते मागून मिळत नाही.

शेवटी सहीच्या वर काय लिहावे, यावरही बराच वेळ गेला. ‘कोर्दियालमाँ’ मी रोज बिलांच्या मेलखाली लिहीत आले, म्हणून ते नको वाटले. ‘ज वू झाँब्रास’, म्हणजे ‘तुम्हाला मिठी’, जवळच्यांपुरते असते, आणि यादीत संचालकही होते. ‘आमिकालमाँ’ लिहिले; त्यात स्नेह आहे आणि मर्यादाही आहे. विषयाच्या जागी ‘आद्यू’ लिहिले नाही, कारण त्यात कायमच्या निरोपाचा सूर असतो. ‘मेर्सी ए ओ रव्हुआर’, म्हणजे ‘आभार, आणि पुन्हा भेटू’, एवढे पुरेसे होते.

चार वाजता मेल गेली. संगणक परत करायला निघाले, तेवढ्यात हिशेब विभागातल्या, माझ्याशी फारसे न बोलणाऱ्या गृहस्थांचे एका ओळीचे उत्तर आले: Tu vas nous manquer. आम्हाला तुझी उणीव भासेल.

‘त्यू’ने लिहिले होते. मी ती ओळ दोनदा वाचली, कर्ता कोण आणि कर्म कोण हे नीट पाहिले, आणि मग संगणक बंद केला.