पान डिलीट केलं होतं, तरी खाते नंबर दिसतच होता

मी एका कॉलेजची वेबसाइट सांभाळतो. त्या दिवशी सकाळी सव्वादहाला एका विद्यार्थिनीच्या वडिलांचा फोन आला. "माझ्या मुलीचं नाव गूगलवर टाकलं की तिचा बँकेचा खाते नंबर येतोय," असं म्हणून त्यांनी शेवटचे चार आकडे वाचून दाखवले. मी नाव टाकून पाहिलं. पहिलाच निकाल आमच्या साइटवरच्या शिष्यवृत्ती यादीच्या पीडीएफचा होता. लिंकखालच्या दोन ओळींत नाव, मोबाइल आणि खाते नंबर सलग छापलेले. फाइल उघडायचीसुद्धा गरज नव्हती.

ऑफिसात विचारलं तर उत्तर आलं, "ते पान आठ दिवसांपूर्वीच डिलीट केलंय." खरंच केलं होतं. पण आमची साइट वर्डप्रेसवर आहे. तिथे पान उडवलं तरी त्यात लावलेली पीडीएफ अपलोडच्या फोल्डरमध्ये तशीच पडून राहते. त्यात कुणीतरी खबरदारी म्हणून `robots.txt` मध्ये, म्हणजे सर्च इंजिनांसाठी सूचना लिहिलेल्या साइटवरच्या फाइलमध्ये, या ओळी घातल्या होत्या:

```
User-agent: *
Disallow: /wp-content/uploads/
```

हेतू चांगला, परिणाम उलटा. ही ओळ सर्च इंजिनला सांगते, "इथे येऊ नका." साठवलेलं पुसून टाका, असं ती सांगत नाही. उद्या फाइल खरोखर काढली, तरी गूगलला तिथे येऊन ते पाहताच येणार नाही आणि जुना निकाल रेंगाळत राहील.

आधी दिसणं थांबवायला हवं होतं. सर्च कन्सोल या साइटमालकांसाठीच्या गूगलच्या साधनातल्या `Removals` मध्ये जाऊन पीडीएफचा नेमका पत्ता दिला. ही विनंती सहसा दिवसभरात लागू होते, पण ती टिकते साधारण सहा महिने. मूळ फाइल जागेवर असेल, तर मुदत संपल्यावर ती पुन्हा निकालात येऊ शकते. म्हणून लगेच फाइल डिलीट केली आणि तपासलं:

```
curl -I https://example.com/wp-content/uploads/list.pdf
```

उत्तर आलं `200`. म्हणजे फाइल अजून मिळत होती! सर्व्हरवरून गेली होती, पण साइटच्या पुढे असलेल्या सीडीएनने, म्हणजे फाइल लवकर मिळावी म्हणून तिच्या प्रती ठेवणाऱ्या मधल्या सर्व्हरांनी, आपली प्रत जपून ठेवली होती. तिथला कॅशे रिकामा केला, त्या पत्त्यावर `410` म्हणजे "कायमची काढली" असं उत्तर लावलं आणि `Disallow` ची ओळ काढली, म्हणजे गूगलला येऊन ते उत्तर वाचता येईल. गूगलच्या निकालांतली कॅशेची लिंक 2024 मध्ये बंद झाली, त्यामुळे साठवलेल्या प्रतींचा प्रश्न मिटला असं बऱ्याच जणांना वाटतं. पण लिंकखालच्या त्या दोन ओळी गूगलकडच्या साठवलेल्या मजकुरातूनच येतात.

संध्याकाळी पाचच्या सुमारास नाव टाकलं, तर निकाल गेलेला होता. "झालं ना मग?" हेडक्लार्क मॅडमनी विचारलं. झालं नव्हतं. वेबॅक मशीन या इंटरनेटवरच्या जुन्या पानांच्या संग्रहात त्या पीडीएफची एक प्रत सापडली. ती काढण्याची विनंती कॉलेजच्या अधिकृत मेलवरून info@archive.org ला पाठवली. मग यादीच्या शीर्षकातली एक ओळ अवतरणचिन्हांत टाकून शोधलं. कागदपत्रं शेअर करण्याच्या एका साइटवर कुणीतरी तीच फाइल चढवलेली.

तिथे माझ्या हातात काहीच नव्हतं, कारण `Removals` फक्त आपल्या मालकीच्या साइटवर चालतं. त्या साइटला मेल केला. गूगलकडे वैयक्तिक माहिती निकालांतून काढण्याचा वेगळा अर्ज असतो, त्यात बँक खात्याचे नंबर स्पष्टपणे बसतात. तो वडिलांसोबत फोनवर बसून भरला: पानाचा पत्ता, ज्या शब्दांवर ते सापडतं ते शब्द आणि स्क्रीनशॉट. बिंगसाठी वेगळा अर्ज केला, कारण गूगलने काढलेलं बिंगला लागू होत नाही.

चार दिवसांनी गूगलचा मंजुरीचा मेल आला. मी वडिलांना फोन केला. "म्हणजे डिलीट झालं?" त्यांनी विचारलं. मला "हो" म्हणवेना. म्हटलं, "काका, आपल्या साइटवरून डिलीट झालंय. दुसऱ्या साइटवरचं गूगलवर दिसायचं थांबलंय, पण फाइल तिथेच आहे. थेट लिंक असलेल्याला ती आजही उघडेल." सर्व्हरच्या लॉगमध्ये ती पीडीएफ उघडल्याच्या नोंदी मी पाहिल्या होत्या, हेही सांगितलं. ज्यांनी ती उतरवून घेतली, त्यांच्याकडची प्रत कुठल्याच अर्जाने परत येत नाही.

ते थोडा वेळ गप्प होते. मग म्हणाले, "उद्या बँकेत जाऊन खातं बदलून घेतो. पण तिचा मोबाइल नंबर सगळीकडे दिलाय हो, तो कसा बदलायचा?" यादीत एकशे बारा नावं होती. मी बाकीच्यांचे नंबर समोर घेतले आणि एकेकाला फोन लावायला सुरुवात केली.