प्लॉटचे तीस लाख आणि खरेदीखताच्या दिवशीचा पाऊण तास

मखमलाबादला आम्ही बिनशेती प्लॉट घेतला. व्यवहार चौतीस लाखांचा. विकणारे आबा ओझरचे, द्राक्षबागाईतदार, शब्दाला पक्के. विसाराचे चार लाख मी त्यांना मोबाइलवरून आयएमपीएसने पाठवले होते. आम्ही त्यांच्या ओसरीवर चहा घेत होतो आणि कप खाली ठेवायच्या आत त्यांच्या मुलाच्या फोनवर मेसेज आला. त्यामुळे उरलेले तीस लाखही असेच जातील, असं मी धरून चालले होते.

खरेदीखताच्या आठवड्यात वकीलबाईंनी विचारलं, "पैसे कसे देणार?" मी म्हटलं, "आयएमपीएस, सहा वेळा पाच-पाच लाख." त्यांनी पेन खाली ठेवला. "ताई, दस्तात प्रत्येक रकमेचा वेगळा क्रमांक आणि तारीख लिहावी लागते. एका रकमेची एक ओळ असेल तर बरं. आणि तुमची बँक एका दिवसात सहा वेळा जाऊ देईल का, ते आधी बघा."

बघितलं, तर नव्हतीच देत. आयएमपीएसला एका व्यवहाराची कमाल मर्यादा पाच लाख. त्यावर बँकेची स्वतःची रोजची मर्यादा वेगळी, आणि माझ्या अ‍ॅपची ती पाच लाखच होती. म्हणजे सहा दिवस लागले असते. सहा दिवस आधीपासून थोडे थोडे पैसे देत बसायचं आणि सही मात्र शेवटी घ्यायची, हे मला पटेना.

शिवाय शाखेतल्या मॅडमनी एक गोष्ट नीट समजावली. आयएमपीएसमध्ये समोरच्याच्या खात्यात पैसे लगेच जमा होतात, पण दोन बँकांमधला हिशेब नंतर चुकता होतो. मधेच कुठे संदेश अडकला, तर माझ्या खात्यातून रक्कम वजा झालेली दिसते आणि तिकडे पोचलेली नसते. अशी अडकलेली रक्कम दुसऱ्या दिवसापर्यंत आपोआप परत यायला हवी, आणि त्याहून उशीर झाला तर दिवसाला शंभर रुपये भरपाई देण्याचा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पण निबंधक कार्यालयात बसलेल्या माणसाला दुसरा दिवस काय कामाचा? आणि खरी चूक पुढेच होते. व्यवहार फसला असं समजून घाबरलेला माणूस पुन्हा पाठवतो, मग दोन्ही जातात.

माझ्या भाच्याचं म्हणणं, "मावशी, एनईएफटी कर. रकमेचं बंधन नाही, सुट्टीच्या दिवशीही चालतं." ते खरंच आहे. 16 डिसेंबर 2019 पासून एनईएफटी चोवीस तास सुरू आहे. पण ती गठ्ठ्याने चालते. दर अर्ध्या तासाला एक गठ्ठा निघतो, दिवसात अठ्ठेचाळीस. मी 11 वाजून 5 मिनिटांनी पैसे टाकले तर ते 11.30 च्या गठ्ठ्यात जाणार. त्यानंतर समोरच्या बँकेला खात्यात जमा करायला दोन तासांची मुदत. म्हणजे नियमात राहूनही दीड वाजू शकतो. बहुतेक वेळा इतका वेळ लागत नाही. पण आमची वेळ साडेबाराची होती आणि आबांनी सरळ सांगितलं होतं, "पैसे खात्यात दिसले की अंगठा देतो, आधी नाही." त्यांचंही बरोबरच होतं.

तरी एनईएफटी मी एकदा केलीच, आणि केली ते बरं झालं. दोन दिवस आधी, मंगळवारी, आबांनी दिलेल्या पासबुकवरून खाते क्रमांक आणि आयएफएससी घेऊन हजार रुपये पाठवून पाहिले. दुपारी चार-दहाला माझ्या खात्यातून वजा झाले. आबांना फोन केला, तर काहीच आलेलं नाही. सहा वाजता मला मेसेज आला की रक्कम परत, खाते क्रमांक चुकीचा. आकडे तर पासबुकप्रमाणेच होते, मी तीनदा ताडून पाहिले. मग आबांच्या मुलाने सांगितलं की त्यांच्या बँकेची संगणकप्रणाली मधे बदलली, तेव्हा सगळ्यांना नवे लांब क्रमांक मिळाले. जुनं पासबुक आबांनी सवयीने जपून ठेवलं होतं. विसाराच्या वेळी क्रमांक मुलाने दिला होता, म्हणून तेव्हा अडचण आली नाही.

इथे एक गोष्ट मला तोवर माहीत नव्हती. एनईएफटी आणि आरटीजीएसमध्ये पैसे जमा होतात ते फक्त खाते क्रमांकावरून. आपण फॉर्मवर नाव लिहितो, पण ते जुळवून पाहण्याचं बंधन समोरच्या बँकेवर नाही. आबांचा जुना क्रमांक कुणाचाच नव्हता म्हणून हजार रुपये परत आले. एखादा आकडा चुकून तो दुसऱ्या कुणाचा निघाला असता, तर रक्कम त्याच्या खात्यात गेली असती. आता बँकांना पैसे पाठवण्याआधी खातेदाराचं नाव दाखवण्याची सोय द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेने त्यासाठी 1 एप्रिल 2025 ही मुदत घातली होती. बुधवारी मी शाखेत जाऊन, नव्या चेकबुकातल्या रद्द केलेल्या चेकवरचा क्रमांक मॅडमना दिला. पडद्यावर आबांचं पूर्ण नाव आलं, वडिलांच्या नावासकट. ते मी दस्ताच्या मसुद्यातल्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळवून पाहिलं.

मोठ्या रकमेचा खरा मार्ग आरटीजीएसचाच होता. किमान दोन लाख, वर रिझर्व्ह बँकेची मर्यादा नाही. यात गठ्ठा नसतो. प्रत्येक रक्कम एकटी जाते आणि रिझर्व्ह बँकेकडच्या दोन्ही बँकांच्या खात्यांमध्ये तिथल्या तिथे चुकती होते. समोरच्या बँकेने ती मिळाल्यापासून अर्ध्या तासात ग्राहकाच्या खात्यात जमा करायची. घरून नेटबँकिंगने आरटीजीएस चोवीस तास करता येतं, 14 डिसेंबर 2020 पासून. पण माझी ऑनलाइन मर्यादा दिवसाला दहा लाख, आणि नव्याने जोडलेल्या खात्यावर पहिल्या दिवशी त्याहूनही कमी. म्हणून शाखेतच जायचं ठरलं. तिथे मात्र चोवीस तास नसतात, खिडकी शाखेच्या वेळेनुसार. पाच लाखांवर शुल्क जास्तीत जास्त एकोणपन्नास रुपये पन्नास पैसे आणि त्यावर जीएसटी, म्हणजे अठ्ठावन्न रुपये एकेचाळीस पैसे. शाखेतून एनईएफटी केली असती तर साडेएकोणतीस लागले असते. तीस लाखांच्या व्यवहारात एकोणतीस रुपये वाचवायला एनईएफटी करणारी माणसं मी त्याच रांगेत पाहिली, आणि मला ते मनापासून चुकीचं वाटतं.

पण आरटीजीएसची दुसरी बाजू आहे. एकदा रक्कम गेली की गेली, "थांबवा" म्हणता येत नाही. सही व्हायच्या आधी तीस लाख दुसऱ्याच्या खात्यात असणार आणि माझ्या हातात कागदाचा तुकडाही नसणार. हा मधला काळ जितका लहान तितकं बरं, हा एकच विचार डोक्यात ठेवून गुरुवारचा क्रम आम्ही ठरवला.

मी सव्वादहाला कॉलेज रोडच्या शाखेत. फॉर्म आदल्या दिवशीच भरून ठेवलेला, चेकवर "युवरसेल्फ फॉर आरटीजीएस" लिहून सही केलेली. नवरा वकीलबाईंच्या ऑफिसात, आबा आणि त्यांच्या मुलासोबत. वकीलबाईंनी आबांची मूळ कागदपत्रं ताब्यात घेतली, ओळखपत्रं पाहिली, दस्ताचा शेवटचा मसुदा आबांना मोठ्याने वाचून दाखवला. त्यात फक्त आरटीजीएसच्या क्रमांकाची जागा कोरी होती. मग नवऱ्याचा फोन आला, "दे आता." तेव्हा मी चेक काउंटरवर सरकवला. दहा वाजून चाळीस मिनिटं झाली होती.

क्लार्कने नोंद केली. पण एवढी रक्कम एका माणसाच्या हाताने जात नाही, वरच्या अधिकाऱ्याने स्वतःच्या लॉगिनमधून ती पास करावी लागते. अधिकारी कर्जाच्या एका ग्राहकासोबत आत बसलेले. बारा मिनिटं गेली. मी काचेबाहेर उभी राहून आतल्या खुर्चीकडे बघत होते. हा वेळ कुठल्याच नियमाच्या अर्ध्या तासात धरलेला नाही. पैसे पाठवणारी बँक फॉर्म हातात घेते तेव्हा घड्याळ सुरू होत नाही, रक्कम सुटते तेव्हा होतं. 10.54 ला माझ्या फोनवर रक्कम वजा झाल्याचा मेसेज आला, सोबत यूटीआर, म्हणजे त्या व्यवहाराचा क्रमांक.

हा यूटीआर बावीस अक्षरांचा असतो. पहिली चार इंग्रजी अक्षरं बँकेची, पाचवं R, पुढे वर्ष, महिना आणि दिवस ओळखू येतात, शेवटी अनुक्रमांक. मी तो फोनवर वाचून दाखवला नाही, मेसेज जसाच्या तसा पुढे पाठवला. एवढ्या लांब क्रमांकात शून्य आणि ओची गल्लत व्हायला वेळ लागत नाही, आणि दस्तात चुकलं की दुरुस्तीचा वेगळा दस्त.

अकरा वीस झाले, आबांचा फोन शांत. नवऱ्याने दोनदा विचारलं, आबांनी दोनदा फोन उघडून दाखवला. माझ्या छातीत धडधडायला लागलं. मग आबांच्या मुलाने ओझरच्या शाखेत भावाला पाठवलं, यूटीआर देऊन. तिथल्या बाईंनी शोधलं: 11.06 लाच जमा. बँकेत नोंदवलेला मोबाइल क्रमांक आबांच्या जुन्या, बंद पडलेल्या सिमचा होता. पैसे चौदा मिनिटं आधीच पोचले होते, मेसेज मात्र कुणालाच येणार नव्हता. भावाने पासबुक छापून त्याचा फोटो पाठवला. आबांनी चष्मा लावून तो रकमेचा आकडा बोटाने मोठा करून पाहिला.

कोऱ्या जागेत बावीस अक्षरं टाकून वकीलबाईंनी दस्त छापला, नवरा आणि मी दोघांनी मेसेजशी पुन्हा ताडून पाहिला. साडेबाराला टोकन होतं, नंबर पाऊण वाजता लागला. यंत्रावर आबांचा अंगठा पहिल्यांदा उमटला नाही, द्राक्षांच्या कामाने रेषा झिजलेल्या. मुलाने रुमालाने त्यांचं बोट पुसलं, आणि दुसऱ्यांदा उमटला.